फराळाचं पार्सल 'हेल्ड ॲट कस्टम्स' दाखवतंय, म्हणजे नक्की काय झालंय?

शलाका_सांगली | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. मुलगा जर्मनीत आहे, स्टुटगार्टजवळ. त्याला फराळ पाठवलाय. ३ तारखेला इथल्या हेड पोस्टातून इंटरनॅशनल स्पीड पोस्ट केलं. चार दिवसांत मुंबईबाहेर पडलं म्हणून खूश होते. मग ७ पासून ११ पर्यंत नुसतं 'इन ट्रान्झिट'. एक अक्षर हललं नाही. आणि काल संध्याकाळी ॲपमध्ये लाल अक्षरांत 'हेल्ड ॲट कस्टम्स' आलं. मुलगा म्हणतो मला काहीही आलेलं नाही, ना फोन ना पत्र. हे म्हणतात जप्त झालं, आता विसर. वसुबारस शुक्रवारी आहे. काही करता येतं का? कुठे फोन करू?

बंड्या_बारामती | १४ ऑक्टोबर, ९:५८

ताई, इन ट्रान्झिट म्हणजे विमानात. मधे कुठेतरी दुबईला वगैरे उतरवून ठेवतात, जागा झाली की पुढे. आणि हेल्ड म्हणजे अडवलं, पैसे भरल्याशिवाय सोडत नाहीत. मुलाला सांगा पैसे भरायची लिंक येईल.

गजानन_ठाणे | १४ ऑक्टोबर, १०:१२

लिंक आली तर अजिबात दाबू नका!! मला मागच्या महिन्यात असाच एसएमएस आला होता, 'तुमचे पार्सल अपूर्ण पत्त्यामुळे रोखले आहे, २५ रुपये भरा'. हा सगळा फ्रॉड आहे. तुमचं पार्सल व्यवस्थित असणार, मेसेज डिलीट करा.

शलाका_सांगली | १४ ऑक्टोबर, १०:२०

गजाननदादा, मला मेसेज नाही आलेला. मी स्वतः ॲपमध्ये नंबर टाकून बघतेय. नंबर पावतीवरचाच आहे, EM ने सुरू होतो आणि शेवटी IN.

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, ११:०५

शलाकाताई, घाबरू नका, आधी एक करा. हे ॲप बाजूला ठेवा. ही सगळ्या कुरिअरांचं एकत्र दाखवणारी ॲपं पोस्टाच्या मूळ ओळी वाचतात आणि त्यांचे स्वतःचे सहा-सात डबे असतात, त्यात कोंबतात. 'कस्टम्स' हा शब्द दिसला की लाल डब्यात. मूळ ओळीत काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही. पोस्टाच्या साइटवर नंबर टाका आणि जे दिसेल ते जसंच्या तसं इथे चिकटवा. नंबर मात्र टाकू नका.

शलाका_सांगली | १४ ऑक्टोबर, ११:३१

हे घ्या काका. दोन साइटींवरचं एकत्र केलंय.

```
03/10  Item Booked                             Sangli
03/10  Item Bagged                             Sangli
05/10  Item Received                           Mumbai
06/10  Send item to customs (Otb)              Mumbai
06/10  Return item from customs (Otb)          Mumbai
07/10  Insert item into bag (Otb)              Mumbai
07/10  Send item abroad (EDI-received)         
11/10  Receive item at office of exchange (Inb) Germany
13/10  Send item to customs (Inb)              Germany
```

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, १२:१५

छान. आता वाचा. कंसातलं Otb म्हणजे बाहेर जाताना, Inb म्हणजे आत येताना. तुमचं पार्सल दोनदा कस्टम्ससमोर गेलंय, हे तुमच्या ॲपने तुम्हाला सांगितलंच नाही. ६ तारखेला आपल्या मुंबईच्या कस्टम्सने बघून त्याच दिवशी परत दिलं. तेव्हा तुम्ही घाबरला नाहीत कारण तुम्हाला कळलंच नाही.

काल जे झालं ते तेच, फक्त जर्मनीत. ओळ काय म्हणते? पार्सल कस्टम्सकडे *पाठवलं*. अडवलं असं कुठेही लिहिलेलं नाही. परदेशातून येणारी टपाली वस्तू कस्टम्ससमोर मांडावीच लागते, मग ती कुणाचीही असो. पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत याच्या खुणा वेगवेगळ्या आहेत: नुसतं मांडलं तर EDB, कस्टम्सने ठेवून घेतलं तर EME, परत दिलं तर EDC. आम्हाला पडद्यावर ही तीन अक्षरं दिसायची. तुमच्याकडे सध्या पहिलीच आहे. ॲपवाल्यांनी पहिल्या दोन्हींना एकच लाल रंग दिलाय.

आता 'इन ट्रान्झिट'चं. बंड्याभाऊ, विमानात असेलही, पण त्या शब्दावरून ते कळत नाही. 'इन ट्रान्झिट'चा अर्थ एवढाच की शेवटचं स्कॅन होऊन गेलं आणि पुढचं अजून झालेलं नाही. ७ तारखेला मुंबईत तुमचं खोकं इतर खोक्यांबरोबर एका पिशवीत गेलं, पिशवीला सील लागलं. त्या क्षणापासून तुमचा १३ खुणांचा नंबर कुणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो पिशवीच्या लेबलावरचा बारकोड, २९ खुणांचा, आणि तो तुम्हाला कुणी देत नाही. पिशवी विमानतळावर दोन दिवस पडली, एका विमानातून दुसऱ्यात गेली, फ्रँकफुर्टच्या गोदामात रांगेत उभी राहिली, तुम्हाला काही दिसणार नाही. पिशवी फुटली आणि खोक्यावर बंदूक लागली की मग ११ तारखेची ओळ.

जोशीकाकू_डोंबिवली | १४ ऑक्टोबर, १२:२४

बंदूक??

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, १२:३०

स्कॅनर हो काकू. आम्ही बंदूकच म्हणायचो.

बंड्या_बारामती | १४ ऑक्टोबर, १२:४१

पण काका, ७ तारखेला 'सेंड आयटम अब्रॉड' आहे ना स्पष्ट. म्हणजे त्या दिवशी देशाबाहेर गेलंच की.

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, १:०८

नाही, हीच ओळ सगळ्यात फसवी. पुढे EDI लिहिलंय बघा. ही ओळ माणसाने स्कॅन करून आलेली नाही. मुंबईने पिशवी बंद केली की संगणक जर्मनीच्या संगणकाला यादी पाठवतो, 'या पिशवीत हे हे नंबर आहेत'. यादी पोहोचली की ही ओळ उमटते. यादी वायरीतून जाते, पिशवी विमानातून. मी असे दिवस पाहिलेत की यादी सकाळी पोहोचली आणि विमानात जागा नाही म्हणून पिशवी दोन दिवस आमच्याच हॉलमध्ये. बाहेरून फोन करणाऱ्याला शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही, 'साइटवर तर गेलंय म्हणतात'.

प्रथमेश_नाशिक | १४ ऑक्टोबर, २:३५

मी एका खासगी कुरिअरच्या हबला होतो चार वर्षं. आमच्याकडे पिशवीचं स्कॅन झालं की आतल्या सगळ्या शिपमेंटना आपोआप तेच स्टेटस लागतं. त्यामुळे एखादं खोकं चुकून पिशवीबाहेर राहिलं तरी कागदावर ते नागपूरला पोहोचलेलं असतं. मग नागपूरवाले 'शॉर्ट' टाकतात आणि शोधाशोध सुरू. पोस्टाचं माहीत नाही पण तत्त्व एकच असणार.

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, २:५०

बरोबर, तेच. म्हणून मी माणसांना सांगायचो की पिशवीतल्या ओळींवर विश्वास कमी, खोक्याच्या ओळींवर जास्त. 'रिसीव्ह आयटम' म्हणजे वस्तू हातात आली. 'बॅग' हा शब्द असेल तर जरा थांबा.

कोकणी_मेवा | १४ ऑक्टोबर, ३:१०

अवांतर: मला एका कुरिअरकडून तीन दिवस लागोपाठ 'आऊट फॉर डिलिव्हरी' येतंय आणि रात्री 'डोअर लॉक्ड'. दार उघडं टाकून ओटीवर बसलोय राव. आई म्हणते कुत्र्यालाही विचारा, कुणी आलं नाही.

प्रथमेश_नाशिक | १४ ऑक्टोबर, ३:४४

कोकणी_मेवा, आतली गोष्ट सांगतो. सकाळी डिलिव्हरी बॉयच्या नावावर डीआरएस निघते, डिलिव्हरी रन शीट. त्यात ६०-७० शिपमेंट एकदम चढवतात. शीट बंद केली की सगळ्यांना एकाच मिनिटाला 'आऊट फॉर डिलिव्हरी' जातं. तेव्हा तो पोरगा अजून चहा पीत असतो, बाईकवर माल बांधलेला नसतो. म्हणजे त्या शब्दाचा अर्थ 'तुमच्याकडे निघालाय' असा नाही, 'आज एकाच्या यादीत आहात' एवढाच.

रात्री शीटमधली प्रत्येक शिपमेंट बंद करावी लागते. दिली किंवा का नाही दिली. 'मला वेळ पुरला नाही' असं कारण टाकलं तर साहेब ओरडतो, 'डोअर लॉक्ड' टाकलं तर दोष गिऱ्हाइकाचा. तुमचं घर शेवटच्या टोकाला असेल तर रोज तेच होणार. ट्रॅकिंगमध्ये वेळ बघा. 'डोअर लॉक्ड' जर रात्री आठला आणि आजूबाजूच्या चार लोकांचंही त्याच मिनिटाला असेल, तर ते हबमध्ये बसून टाकलंय.

कोकणी_मेवा | १४ ऑक्टोबर, ३:५२

७:५८, ७:५८, ८:०१. तिन्ही दिवस. 🙏

प्रथमेश_नाशिक | १४ ऑक्टोबर, ४:०५

झालं तर मग. उद्या नऊच्या आत हबला स्वतः जाऊन घेऊन या, शीट निघायच्या आधी. एकदा शीटवर चढलं की संध्याकाळपर्यंत हबवालाही देऊ शकत नाही.

म्युनिकचा_मन्या | १४ ऑक्टोबर, ४:३० (इथे दुपारचा एक)

शलाकाकाकू, जर्मनीतलं मी सांगतो, दर दिवाळीला यातून जातो. दोन रस्ते आहेत. पहिला: कागद नीट असतील तर पार्सल कस्टम्समधून सुटतं, काही कर लागला तर पोस्टवाला दारात पैसे घेतो आणि देतो. दुसरा: कागदावरून त्यांना काही कळत नसेल तर पार्सल तुमच्या भागाच्या त्सोलआम्टला, म्हणजे कस्टम्सच्या ऑफिसला जातं आणि मुलाला घरी *कागदी पत्र* येतं. ईमेल नाही, एसएमएस नाही. पत्र यायला दोन-चार दिवस. त्यात ऑफिसचा पत्ता आणि किती दिवसांत यायचं ते लिहिलेलं असतं. तोवर ट्रॅकिंग तसंच राहतं.

दोन गोष्टी सांगा: फॉर्मवर काय लिहिलं होतं आणि किंमत किती टाकली?

शलाका_सांगली | १४ ऑक्टोबर, ५:१५

काउंटरवरच्या मुलीने विचारलं आत काय, मी म्हटलं दिवाळीची भेट. तिने GIFT लिहिलं. किंमत ६,२०० टाकली. फराळाची एवढी नाही, पण त्यात त्याचा रेशमी झब्बा आहे आणि सुकामेवा. हरवलं तर भरपाई मिळेल म्हणून खरी किंमत टाकली. फराळात चकली, शेव, चिवडा, अनारसे, बेसनाचे लाडू. आणि साजूक तुपाची एक छोटी बरणी. घरचं तूप हो, त्याला तिथलं आवडत नाही.

म्युनिकचा_मन्या | १४ ऑक्टोबर, ५:४०

काकू, मग मला वाटतं दुसराच रस्ता होणार. तीन कारणं. 'गिफ्ट' हे आतल्या वस्तूचं नाव नाही, ते कारण आहे. फॉर्मवर भेटीसाठी वेगळा चौकोन असतो, तिथे खूण करायची आणि वस्तूंच्या ओळींत झब्बा, चकली, बदाम असं एकेक लिहायचं. दुसरं, घरच्या माणसाने घरच्या माणसाला पाठवलेल्या भेटीला सूट आहे ती ४५ युरोपर्यंत. ६,२०० म्हणजे साठच्या आसपास गेले. तिसरं तूप. दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून टपालाने युरोपियन युनियनमध्ये आणता येत नाहीत. बरणी गेली समजा.

नेहा_आइंडहोवन | १४ ऑक्टोबर, ६:२२

मन्या, मग बेसनाचे लाडू? माझ्या सासूबाईंनी पाठवलेले लाडू इथे नेदरलँड्समध्ये गेल्या वर्षी काढून घेतले, तुपातले म्हणून. चकली सोडली. मी भांडले नाही, ऑफिसात एकटीच होते आणि मागे रांग.

म्युनिकचा_मन्या | १४ ऑक्टोबर, ६:३५

माझे तीनदा आलेत, कुणी हात लावला नाही. मिठाई-बिस्किटांना सवलत आहे अशी माझी समजूत. तूप नुसतं असेल तर नाही, पदार्थात मुरलं असेल तर चालतं.

नेहा_आइंडहोवन | १४ ऑक्टोबर, ६:४१

तुझ्या समजुतीने माझे लाडू परत येणार नाहीत 😄 त्या बाईने वास घेतला आणि 'बटर' म्हणाली.

बंड्या_बारामती | १४ ऑक्टोबर, ७:०३

पुढच्या वेळी किंमत ५०० टाकायची आणि सगळ्यावर 'नमकीन' लिहायचं. काम झालं.

निवृत्त_आरएमएस | १४ ऑक्टोबर, ७:३०

असा सल्ला देऊ नका हो. एक्स-रेमध्ये कापड आणि बरणी वेगळी दिसते. लिहिलेलं आणि दिसलेलं जुळलं नाही की मग खरोखर 'हेल्ड'. शिवाय हरवलं तर ५०० च्या वर हक्क नाही. आणि आता हा फॉर्म नुसता खोक्यावर चिकटवलेला कागद राहिलेला नाही. काउंटरवर जे टाइप होतं ते पार्सलच्या आधी पुढच्या देशाला जातं. युरोपने मार्च २०२१ पासून टपालालाही ते सक्तीचं केलंय. म्हणजे 'GIFT' हा शब्द तुमच्या लाडवांच्या आधी फ्रँकफुर्टला पोहोचला होता.

अमृता_विलेपार्ले | १५ ऑक्टोबर, १०:०२

माझा प्रश्न उलटा आहे. बहिणीने कॅनडातून भाचीसाठी खेळणी पाठवली, मुंबईत 'सेंड आयटम टू कस्टम्स (Inb)' होऊन सहा दिवस झाले. भेटवस्तूला सूट असते ना आपल्याकडे?

निवृत्त_आरएमएस | १५ ऑक्टोबर, ११:२०

पूर्वी होती, डिसेंबर २०१९ ला काढून टाकली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली, तीही नुसती राखी, बरोबरची भेट नाही. खेळण्यांवर ड्युटी लागेल. बहुतेक वेळा पोस्टमन पार्सल आणतो तेव्हाच पैसे घेतो. सहा दिवस या दिवसांत जास्त नाहीत, हॉल भरलेला असतो. पण कस्टम्सला बिल किंवा ओळखपत्र हवं असेल तर तुमच्या पत्त्यावर पत्र निघतं. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, लोक ती पत्रं बँकेची जाहिरात समजून फेकतात.

अमृता_विलेपार्ले | १५ ऑक्टोबर, ७:४८

काका!! वॉचमनच्या टेबलाखाली होतं. तीन दिवसांपूर्वीचं. बिल मागितलंय.

शलाका_सांगली | १६ ऑक्टोबर, ५:१०

मुलाला आज पत्र आलं. मन्या म्हणाला तस्संच, कागदी. ट्रॅकिंगमध्ये अजूनही १३ तारखेचीच ओळ आहे! उद्या सकाळी जातोय. शनिवारी बंद असतं म्हणे.

म्युनिकचा_मन्या | १६ ऑक्टोबर, ५:२६

पत्र, पासपोर्ट आणि तुम्ही फोनवर पाठवलेली वस्तूंची यादी किमतींसकट घेऊन जाऊ दे. झब्ब्याचं बिल असेल तर फोटो पाठवा. आणि त्याला सांगा खोकं अधिकारी उघडत नाही. तो काउंटरवर कटर ठेवतो आणि म्हणतो, उघडा. आपणच उघडायचं. पहिल्यांदा मला वाटलं मला पकडतायत.

शलाका_सांगली | १७ ऑक्टोबर, ६:५५

मिळालं!! सांगते सगळं. झब्बा बघितला, बिलाचा फोटो बघितला. चकलीचा डबा उघडायला लावला. तुपाची बरणी बाजूला काढली आणि एका कागदावर सही घेतली. लाडवांचा डबा हातात घेऊन विचारलं यात काय आहे, हा म्हणाला डाळीचं पीठ आणि साखर. (तूप बोलला नाही गधडा.) अधिकाऱ्याने झाकण लावून परत दिलं. अकरा युरो आणि वर काही सेंट भरले. अनारशांचा मात्र भुगा झालाय, त्याला कस्टम्स जबाबदार नाही, मी जबाबदार.

आता गंमत बघा. तो घरी येऊन लाडू खातोय आणि माझं ॲप अजून लाल अक्षरांत 'हेल्ड ॲट कस्टम्स'.

निवृत्त_आरएमएस | १७ ऑक्टोबर, ७:२०

ते तसंच राहू शकतं ताई. वस्तू कस्टम्सच्या काउंटरवरून हातोहात दिली, पोस्टमन मधे आलाच नाही, त्यामुळे 'डिलिव्हर्ड'चं स्कॅन करणारं कुणी नव्हतं. कधी दोन-तीन दिवसांनी येतं, कधी येतच नाही. पावती जपून ठेवा.

नेहा_आइंडहोवन | १७ ऑक्टोबर, ७:३३

म्हणजे लाडू तूप न बोलल्यामुळे सुटले की नियमाने सुटले? मला हे कळायलाच हवंय, सासूबाई परवा परत पाठवतायत.

म्युनिकचा_मन्या | १७ ऑक्टोबर, ७:४१

नियमाने.

नेहा_आइंडहोवन | १७ ऑक्टोबर, ७:४२

वास घेतला नाही म्हणून.

कोकणी_मेवा | १७ ऑक्टोबर, ९:१५

प्रथमेशभाऊ, काल पावणेनऊला हबवर गेलो, पार्सल हातात. आणि रात्री ७:५९ ला मेसेज: 'डोअर लॉक्ड'.